तीन सेकंदांची सणक

बोलता बोलता माणूस एकदम थांबतो, डोळे घट्ट मिटतो, हात कानशिलाकडे जातो. समोरच्याने "काय झाले?" असे विचारेपर्यंत कळ निघूनही गेलेली असते. डोक्यात कुणीतरी अणकुचीदार काहीतरी खुपसून लगेच बाहेर काढावे, तशी ही सणक. तिच्यामागून डोके जड होत नाही, मळमळ नाही, अंधारी नाही. मागे राहते ती फक्त भीती. नस तर फुटली नाही ना? बीपी वाढले का? आत गाठ तर नसेल? कुणी पित्त म्हणून आले-लिंबाचा रस घेतो, कुणी चष्म्याचा नंबर तपासून येतो, कुणी रात्री उशिरापर्यंत इंटरनेटवर शोधत बसतो आणि आणखी घाबरतो.

डॉक्टर या दुखण्याला 'प्रायमरी स्टॅबिंग हेडेक' म्हणतात. लोकांच्या तोंडी बसलेले नाव मात्र 'आइस पिक हेडेक'. लादीचा बर्फ फोडायला जो टोकदार टोचा वापरतात, त्यावरून ते पडले. बर्फाशी किंवा थंडीशी या दुखण्याचा काही संबंध नाही. आइस्क्रीमचा मोठा घास घेतल्यावर कपाळात जी कळ येते, तो प्रकार वेगळा. 'प्रायमरी' या शब्दाचा अर्थ इतकाच, की डोकेदुखी हाच आजार आहे. आत लपलेल्या दुसऱ्या आजाराची ती खूण नाही.

बहुतेकांच्या बाबतीत ही सणक निरुपद्रवी असते. पण थोड्या जणांच्या बाबतीत तशीच सणक दुसऱ्या आजाराची पहिली चाहूल असते. हे दोन गट वेगळे करताना सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दुखण्याचा जोर. निरुपद्रवी सणकही किंचाळायला लावते आणि गंभीर आजारातली कळ कधी कधी सोसण्याजोगी असते. म्हणून डॉक्टर 'किती दुखते' यापेक्षा तीन गोष्टींकडे जास्त लक्ष देतात: कळ किती वेळ टिकते, कुठे येते आणि सोबत आणखी काय होते.

कळ ओळखायची कशी

आंतरराष्ट्रीय हेडेक सोसायटीने जगभरच्या डोकेदुखींचे वर्गीकरण केले आहे. त्याची तिसरी आवृत्ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली या दुखण्याची व्याख्या अगदी सुटसुटीत आहे. कळ आपोआप यायला हवी, म्हणजे डोक्याला कशाचा स्पर्श, मार किंवा धक्का नको. ती एकटी येईल किंवा लागोपाठ काही येतील. प्रत्येक कळ फार तर काही सेकंदांची. दिवसातून एक ते अनेक वेळा, पण ठरावीक वेळापत्रक नाही. आणि कळ येते तेव्हा डोळा लाल होणे, पाणी वाहणे, नाक गळणे, पापणी खाली झुकणे असे काहीही घडायला नको.

सुमारे 80 टक्के कळा तीन सेकंद किंवा त्याहून कमी टिकतात. दहा सेकंदांच्या पुढे जाणाऱ्या कळा विरळा. बहुतेकांना दिवसाला एक-दोन कळा येतात. मग काही दिवस, काही आठवडे, कधी काही महिने काहीच होत नाही. काही जणांना आयुष्यात एकदाच काही दिवसांची अशी लाट येते आणि पुन्हा कधी येत नाही. थोड्यांना मात्र महिनोन् महिने रोज त्रास होतो.

जागेच्या बाबतीत ही कळ भटकी असते. आज उजव्या डोळ्याच्या मागे, परवा डाव्या कानाच्या वर, पुढच्या आठवड्यात टाळूवर. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्येच ती एका ठरावीक जागी येते, बाकीच्यांमध्ये जागा बदलते. हे भटकणे रुग्णाला जास्त घाबरवते. 'आता सगळ्या डोक्यात पसरले' असे त्याला वाटते. डॉक्टरांना मात्र त्याच गोष्टीने दिलासा मिळतो. गाठ, सूज किंवा दबलेली नस एका जागी असते. ती आज इथे आणि उद्या तिथे जात नाही.

साठ वर्षांपूर्वीची नोंद

वैद्यकीय साहित्यात या दुखण्याचे पहिले नीट वर्णन 1964 मध्ये लान्शे यांनी केले. त्यांच्या रुग्णांना डोळ्यात आणि डोळ्याभोवती कळा येत, म्हणून त्यांनी नावही डोळ्यावरून दिले. 1980 मध्ये अमेरिकेतील नील रॅस्किन आणि श्वार्ट्झ यांनी 'टोच्यासारखी कळ' असे तिचे वर्णन करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अर्धशिशीच्या म्हणजे मायग्रेनच्या रुग्णांना त्यांनी मुद्दाम विचारले, तेव्हा 42 टक्के जणांनी अशा कळा येतात असे सांगितले. ज्यांना मायग्रेन नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 3 टक्के निघाले. मायग्रेनवाल्यांमध्ये ही कळ पुष्कळदा त्याच बाजूला येते, जी बाजू एरवी अर्धशिशीत दुखते.

हे दुखणे मुळात किती लोकांना होते, याची उत्तरे चक्रावून टाकतात. डेन्मार्कमध्ये 1991 च्या एका पाहणीत ते सुमारे 2 टक्के लोकांमध्ये आढळले. नॉर्वेतले डोकेदुखीचे अभ्यासक ओटार स्योस्टाड यांनी वोगो या डोंगराळ भागात 18 ते 65 वयाच्या 1,838 लोकांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. तिथे सुमारे 35 टक्के लोकांनी अशा क्षणिक कळा येतात असे सांगितले. एवढ्या मोठ्या तफावतीचे बरेचसे कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. तीन सेकंदांत जाणारी कळ लोक 'डोकेदुखी' म्हणून मोजतच नाहीत. 'तुमचे डोके दुखते का?' याचे उत्तर 'नाही' असे येते. 'अचानक सणक जाते का, सुई टोचल्यासारखी?' असे विचारले, की 'हो, ते तर नेहमीचेच' असे उत्तर मिळते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळते. लहान मुलांनाही अशा कळा येऊ शकतात.

दुखते कोण?

मेंदूच्या आतल्या पेशींना वेदना कळत नाही. शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असतानाही मेंदूवर काम करता येते, ते याचमुळे. डोक्यात वेदना कळते ती मेंदूभोवतीच्या आवरणांना, त्यांतल्या रक्तवाहिन्यांना, कवटीवरच्या त्वचेला आणि स्नायूंना. या सगळ्याची बातमी मेंदूपर्यंत नेणारे मुख्य मार्ग दोन. कपाळ, डोळा, चेहरा आणि डोक्याच्या पुढच्या भागाची बातमी ट्रायजेमिनल नावाची नस नेते. डोक्याच्या मागच्या भागाची बातमी मानेच्या वरच्या मणक्यांमधून निघणाऱ्या नसा नेतात. मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी आणि मानेच्या वरच्या भागात या दोन्ही मार्गांच्या तारा एका ठिकाणी येऊन मिळतात. म्हणूनच मानेतले दुखणे डोळ्यामागे जाणवू शकते.

वेदनेची बातमी नेणारे तंतूही दोन प्रकारचे असतात. एक झटपट धावणारे, ते तीक्ष्ण, टोचणारी, जागा नेमकी दाखवणारी वेदना नेतात. दुसरे संथ, त्यांच्यातून ठणका आणि जळजळ जाते. आइस पिक कळेचा स्वभाव पहिल्या प्रकारच्या वेदनेशी जुळणारा आहे: तीक्ष्ण, बोटाने जागा दाखवता येणारी आणि मागे ठणका न ठेवणारी.

तरीही दुखापत नसताना हे तंतू बातमी का पाठवतात? याचे एक निर्विवाद उत्तर अजून सिद्ध झालेले नाही, पण दोन शक्यता मांडल्या जातात. पहिली अशी, की नसेच्या टोकाकडच्या फांद्या मधूनच आपोआप पेटतात. दारावरच्या बेलची वायर ओलसर झाली की बाहेर कुणी नसतानाही बेल वाजते, तसे. दुसरी शक्यता मेंदूच्या आतली. वेदनेच्या बातम्या येत राहतात आणि मेंदूतली यंत्रणा त्यांतल्या बिनमहत्त्वाच्या बातम्या दाबून टाकते. हे दाबणे क्षणभर सुटले, तर एरवी जाणवली नसती अशी बारीक बातमी एकदम मोठी होऊन पोचते.

दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे कळेचे भटकणे. एकच फांदी बिघडलेली असती तर कळ तिच्याच पट्ट्यात आली असती. पण सुमारे 70 टक्के रुग्णांमध्ये ती ट्रायजेमिनल नसेच्या हद्दीबाहेरही येते. दुसरी म्हणजे मायग्रेनशी असलेले नाते. मायग्रेन असलेल्यांच्या मेंदूत वेदनेचे मार्ग मुळातच जास्त हळवे असतात. काहींना झोप कमी झाली, ताण वाढला, एकदम प्रखर उजेडात आले किंवा झटक्यात उठले, की कळा वाढल्यासारख्या वाटतात. पण बहुतेक कळा कशाचेही निमित्त नसताना येतात, म्हणून 'मी काय चुकीचे खाल्ले?' याचा शोध घेत बसण्यात फारसे हाती लागत नाही.

दवाखान्यात काय विचारतात

एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. बँकेत काम करणारी 36 वर्षांची स्त्री. महिन्यातून दोनदा अर्धशिशी उठते, ती कॉलेजपासूनची. गेल्या तीन आठवड्यांत तिला डोक्यात सणका येऊ लागल्या. एकदा काउंटरवर पैसे मोजताना इतक्या जोरात आली, की हातातले बंडल खाली पडले. घरच्यांनी एमआरआय करून घे म्हणून धोशा लावला. ती न्यूरॉलॉजिस्टकडे गेली.

"कळ कुठे येते, एका बोटाने दाखवा."

"एक जागा नाही हो डॉक्टर. कधी इथे भुवईच्या वर, कधी मागे. परवा टाळूवर आली."

"किती वेळ?"

"एक... दोन... संपली. एवढीच."

"चेहरा धुताना, दात घासताना, चावताना येते?"

"नाही. कधीही येते."

"त्या वेळी डोळ्यातून पाणी? नाक गळते? डोळा लाल होतो?"

"नाही."

"हातापायात मुंग्या, बोलताना अडखळणे, दिसायला दोन-दोन?"

"नाही. कळ गेली की मी लगेच कामाला लागते."

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या आणि यंत्राने डोळ्याचा मागचा पडदा तपासला, कारण मेंदूतला दाब वाढला असेल तर त्या पडद्यावर सूज दिसते. चेहऱ्याची संवेदना, हातापायांची ताकद, चाल, मान वळवणे हे सगळे पाहिले. डोक्यावर कुठे दाबून दुखते का, पुरळ आहे का, हेही पाहिले. सगळे ठीक होते. वय तरुण, जुनी अर्धशिशी, भटकी कळ, दोन सेकंदांचा अवधी, सोबत काही नाही, तपासणी निर्दोष. एवढ्यावर निदान करता येते. अशा रुग्णाला एमआरआय करावाच लागतो असे नाही.

डॉक्टरांनी तिला एक काम दिले. कागदावर डोक्याची ढोबळ आकृती काढायची, पुढून आणि मागून. प्रत्येक कळेच्या जागी फुली मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. महिन्याभराने फुल्या सगळ्या डोक्यावर विखुरलेल्या दिसल्या, तर निदान आणखी पक्के होते. सगळ्या फुल्या एकाच जागी साचल्या, तर विचार बदलावा लागतो.

फुल्या एकाच जागी साचल्या तर

कळ कायम एकाच ठिकाणी येत असेल, तर त्या जागी किंवा त्या जागेच्या नसेच्या वाटेवर काही बिघाड नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही तसे स्पष्ट म्हटले आहे. तपासणीअंती बऱ्याच जणांमध्ये काही निघत नाही. ठरावीक जागेची निरुपद्रवी कळही असते. पण ती तशी आहे हे तपासून ठरवायचे, गृहीत धरायचे नाही. मेंदूच्या आवरणाची गाठ, पिट्युटरी ग्रंथीची गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांतही टोचणाऱ्या क्षणिक कळा आल्याच्या नोंदी आहेत. यासाठी एमआरआय केला जातो. नसा आणि मेंदूचा देठ त्यात सीटी स्कॅनपेक्षा चांगला दिसतो.

घरच्या घरी लवकर ओळखता येतील आणि वेळेत उपचार मिळाले तर मोठे नुकसान टळेल, असे दोन आजार मात्र सर्वांनी लक्षात ठेवावेत.

पहिला म्हणजे नागीण. कपाळाच्या एकाच बाजूला, भुवईपासून टाळूकडे जाणाऱ्या पट्ट्यात दोन-तीन दिवस कळा आणि जळजळ होते, त्वचेला हात लावला तरी नको वाटते आणि मग पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात. फोड येण्याआधी काहीच दिसत नसल्याने या कळा साधी डोकेदुखी वाटतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळाही सापडण्याची शक्यता मोठी, कारण दोन्हीकडे एकच नस जाते. विषाणूवरचे औषध फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाले, तर सर्वांत जास्त उपयोग होतो. म्हणून 'नागीण उतरवून' घेण्यात दोन दिवस घालवू नयेत.

दुसरा आजार पन्नाशीनंतरचा. समजा, 68 वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. आयुष्यात कधी डोके दुखले नाही आणि आता महिनाभर उजव्या कानशिलात कळा येतात, नेहमी तिथेच. मधल्या काळातही ती जागा दुखरी राहते. कंगवा फिरवला, उशीवर डोके टेकले तरी दुखते. भाकरी चावताना चार घासांत जबडा भरून येतो, थांबले की बरे वाटते. थोडा ताप, भूक कमी, वजन उतरलेले. परवा उजव्या डोळ्यापुढे काही मिनिटे पडदा आला आणि गेला.

हे चित्र कानशिलाकडच्या रक्तवाहिनीला सूज आल्याचे आहे. 'जायंट सेल आर्टरायटिस' असे या आजाराचे नाव. हीच सूज डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत पोचली, तर दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि एका डोळ्यामागून दुसराही सापडतो. ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्त तपासण्यांत सूज बहुधा दिसून येते. पक्के निदान सोनोग्राफीने किंवा रक्तवाहिनीचा बारीक तुकडा तपासून करतात. मात्र संशय बळकट असेल तर डॉक्टर त्या अहवालाची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करतात, कारण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. भारतात हा आजार उत्तर युरोपाइतका आढळत नाही. म्हणूनच तो लक्षातून निसटण्याची भीती जास्त.

सणकेसारख्या दिसणाऱ्या इतर कळा

आणखी दोन दुखणी आइस पिक कळेशी गल्लत करायला लावतात, आणि दोघींचे औषध वेगळे आहे.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे पहिले. यात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, पण ती बहुधा गालात, जबड्यात, हिरड्यांत येते आणि नेहमी चेहऱ्याच्या एकाच बाजूला. मुख्य खूण म्हणजे निमित्त: दात घासणे, दाढी करणे, घास चावणे, वाऱ्याची झुळूक लागणे. कळेच्या धास्तीने रुग्ण तोंड धुवायचेही टाळतात. बरेच जण आधी दातांच्या डॉक्टरकडे जातात आणि चांगले दात काढून बसतात. नसेवर एखादी रक्तवाहिनी टेकलेली असणे हे याचे नेहमीचे कारण. कार्बामॅझेपिन हे यावरचे मुख्य औषध.

दुसऱ्या प्रकारात डोळ्याभोवती एकाच बाजूला लागोपाठ क्षणिक कळा येतात आणि त्याच बाजूचा डोळा लालबुंद होऊन पाणी वाहू लागते, नाक चोंदते किंवा गळते. या कळा काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतात. म्हणूनच डॉक्टर डोळ्याच्या पाण्याबद्दल इतके खोदून विचारतात. कळ येते तेव्हा घरातल्या कुणीतरी मोबाइलवर चेहऱ्याचा व्हिडिओ घेतला, तर निदानाचे अर्धे काम होते.

गोळी घ्यावी का?

कळ तीन सेकंदांची आणि वेदनाशामक गोळीला काम सुरू करायला किमान अर्धा तास. म्हणजे कळ आली की गोळी घ्यायची, यात अर्थच नाही. गोळी पोटात विरघळायच्या कितीतरी आधी कळ गेलेली असते आणि श्रेय गोळीला मिळते. या समजुतीतून रोज गोळी घेणे सुरू होते. साधी वेदनाशामक औषधे महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि अनेक घटक एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, की गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मायग्रेन असलेल्यांना हा धोका अधिक. आधी तीन सेकंदांचे असलेले दुखणे मग दिवसभराचे होऊन बसते.

बहुतेक रुग्णांना औषध लागत नाही. हे काय आहे आणि काय नाही, हे नीट कळले, की निम्मा त्रास कमी होतो. अर्धशिशी वारंवार उठत असेल तर तिचे प्रतिबंधक उपचार आधी पाहतात.

कळा रोज अनेक वेळा येऊन कामात व्यत्यय आणत असतील, तर डॉक्टर काही आठवड्यांसाठी इंडोमेथासिन हे औषध देतात. साधारणपणे 25 ते 50 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. डोकेदुखीच्या काही दुर्मीळ प्रकारांत हे औषध इतके हमखास लागू पडते, की निदानही त्यावरूनच ठरते. इथे मात्र तशी हमी नाही. निम्म्याहून अधिक जणांना फरक पडतो, सुमारे एक तृतीयांश जणांना पडत नाही. त्यांच्यासाठी मेलाटोनिन, गॅबापेंटिन किंवा सेलेकॉक्सिबसारखी औषधे वापरून पाहतात.

इंडोमेथासिन स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेण्याचे औषध नाही. त्याने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. अल्सरचा इतिहास, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामक गोळ्यांनी उसळणारा दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. हे औषध देताना डॉक्टर जोडीला पोटाच्या संरक्षणाची गोळी देतात आणि कळा थांबल्या की डोस कमी करून पाहतात. आले नाही की औषध बंद, कारण लाटा आपोआपही ओसरतात.

कधी थांबायचे, कधी निघायचे

काही वेळा अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इस्पितळात जायचे असते. डोक्यात अचानक जोराची कळ आली, मिनिटभरात कमाल तीव्रतेला पोचली आणि तिथेच राहिली, तर मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याची शक्यता असते. आइस पिक कळही अचानक येते, म्हणून गोंधळ होतो. फरक घड्याळात आहे. रक्तस्रावाची वेदना तीन सेकंदांत पूर्ण विरून जाऊन माणूस पुन्हा हसत-बोलत नाही. डोकेदुखीबरोबर तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, फिट येणे, शुद्ध हरपणे, दृष्टी जाणे, किंवा तापासह मान ताठणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की दिवस, उशीर करू नये. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेल्या दुखण्यालाही हाच नियम.

काही दिवसांत डॉक्टरांना भेटावे अशी कारणे वेगळी. कळ नेहमी एकाच जागी येणे. वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच येऊ लागणे. कळांच्या मध्येही डोके दुखत राहणे. कळेचा अवधी किंवा संख्या आठवड्यागणिक वाढत जाणे. खोकताना, शिंकताना, वाकताना येणे. डोळा लाल होणे किंवा पाणी येणे. कॅन्सरचा इतिहास असणे, किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा आजार वा औषध चालू असणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नवी डोकेदुखी सुरू होणे. यात पन्नाशीच्या पुढचे वय आणि कानशिल दुखरे होणे एकत्र आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दृष्टीत थोडाही बदल असेल तर थेट इस्पितळ गाठावे.

यांपैकी काहीही नसेल, कळ जागा बदलत असेल, दोन-तीन सेकंदांत संपत असेल आणि नंतर तुम्ही पूर्ववत असाल, तर घाई नाही. पहिल्यांदाच त्रास होत असेल तर एकदा नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि जाताना महिनाभराच्या फुल्यांचा कागद सोबत न्या. 'डोक्यात सणक जाते' एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे सांगता येत नाही. कुठे, किती सेकंद आणि सोबत काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर बहुतेकांचे निदान एमआरआयशिवायच होते आणि ज्यांना तो खरोखर हवा, त्यांना तो वेळेत मिळतो.